ई-5 च्या चार बाजू

बॅटलशिपमध्ये पहिला हिट मिळवणं अवघड नाही. दहा बाय दहाचा पट असतो आणि त्यात पाच, चार, तीन, तीन आणि दोन घरांची अशी पाच जहाजं लपलेली असतात. म्हणजे शंभर घरांपैकी सतरा घरं भरलेली. डोळे मिटून वाटेल ती घरं सांगत गेलं तरी सरासरी साडेपाच-सहा फैरींत कुठे ना कुठे हिट होतोच. खेळ अडतो तो पुढे. पहिल्या हिटनंतरही कुणी तसंच अंदाजपंचे खेळत राहिलं, तर प्रत्येक नव्या हिटसाठी पुन्हा सरासरी तेवढ्याच फैरी खर्च होतात आणि शेवटचं जहाज बुडेपर्यंत एकूण सरासरी 95 च्या वर जाते. शंभरातली 95. पट जवळजवळ भरूनच टाकायचा. हा आकडा कागदावर मांडून पाहिला तेव्हापासून मला या खेळातली पहिल्या हिटनंतरची दोन-तीन मिनिटं फार मोलाची वाटतात. समोरच्यानं आपल्याला काहीतरी सांगितलेलं असतं, आणि त्याचं काय करायचं ते पुरतं आपल्या हातात असतं.

पवईत हा खेळ मी सगळ्यात जास्त पाहिला तो जेव्हीएलआरवर. गांधीनगरच्या सिग्नलपासून आयआयटीच्या मेन गेटपर्यंत पावसाळ्यात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. स्कूलबसमधली पोरं दप्तरातून गणिताची चौकोनी वही काढतात, दोन पट आखतात, आडवे आकडे, उभी इंग्रजी अक्षरं, आणि मधे दप्तराचा आडोसा धरून सुरू होतात. त्यासाठी प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा डबा लागत नाही. तो डबा मिल्टन ब्रॅडली कंपनीनं 1967 मध्ये बाजारात आणला. कागद-पेन्सिलीवरचा खेळ त्याहून कितीतरी जुना आहे. हिटला फुली, मिसला टिंब. माझी भाची सातवीत आहे, आणि रविवारी दुपारी तलावाकडच्या खिडकीत बसून आम्ही दोघं याच वहीवर खेळतो.

एका डावात तिचा ई-5 वर हिट झाला. ती लगेच पुढचं घर सांगणार, तोच मी विचारलं, "कुठलं घर घेतेस? आणि का?"

"चारही बाजू सारख्याच ना, मामा? कुठलीही एक."

तिचं म्हणणं एका परिस्थितीत अगदी बरोबर आहे. पट कोरा असेल, एकही मिस नसेल आणि हिट असा मध्यावर असेल, तर चारही बाजू खरोखर सारख्या असतात. पण का सारख्या, हे मोजून पाहावं लागतं, कारण त्याच मोजणीत पुढचं सगळं आहे. प्रश्न असा विचारायचा: ई-5 या घरावरून जाईल असं जहाज किती रीतींनी ठेवता येतं? पाच घरांचं जहाज आडवं ठेवलं तर त्याचं पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं किंवा पाचवं घर ई-5 वर येऊ शकतं. पाच रीती. चाराचं चार रीतींनी, तीनाची दोन जहाजं तीन-तीन रीतींनी, दोनाचं दोन रीतींनी. आडव्या मांडणीच्या एकूण 17 रीती, उभ्याच्याही 17, सगळ्या मिळून 34. आता यांतल्या किती रीती शेजारच्या ई-6 वरूनही जातात? पाचाच्या चार, चाराच्या तीन, तीनांच्या दोन-दोन, दोनाची एक. बारा. वरच्या, खालच्या आणि डावीकडच्या घराचाही आकडा बाराच येतो. म्हणून चारही बाजू सारख्या.

हिट कडेला असेल तर मात्र चित्र पालटतं. ए-5 घ्या, सगळ्यात वरच्या ओळीतलं घर. आडव्या रीती 17 च राहतात. पण उभं जहाज इथे एकाच प्रकारे बसतं, ए पासून खाली. प्रत्येक जहाजाची एक रीत, म्हणजे पाच. एकूण 22. डाव्या-उजव्या घरांना प्रत्येकी 22 पैकी 12, आणि खालच्या घराला 22 पैकी 5. कडेवर हिट झाला की कडेकडेनेच जावं, हे या मोजणीतून निघतं. मी पाहिलेली बरीच मुलं नेमकी उलट वागतात. कडेला जागा संपली असं त्यांना वाटतं आणि ती मोकळ्या पटाकडे, खाली वळतात.

भाचीचा तो डाव मात्र कोरा नव्हता. तिची आधीची तीन टिंबं ई-5 च्या रेषेत पडली होती: ई-3, सी-5 आणि जी-5. बाकीची दूर कुठेतरी होती, त्यांचा इथे संबंध नाही. पाचही जहाजं अजून तरंगत होती. तिच्या नजरेनं पाहिलं तर ई-5 ला लागून असलेली चारही घरं रिकामी होती, म्हणून चारही बाजू सारख्या. पण जहाजाला फक्त शेजारचं घर पुरत नाही, त्याला पुरी लांबी लागते.

आम्ही वहीचं मागचं पान उघडलं. आडव्या रेषेत ई-3 वर टिंब आहे, त्यामुळे डावीकडे फक्त ई-4 मोकळं; उजवीकडे ई-10 पर्यंत सगळं मोकळं. पाचाचं जहाज इथे दोनच प्रकारे बसतं, ई-4 पासून किंवा ई-5 पासून. चाराचंही दोन प्रकारे, तीनांची प्रत्येकी दोन, दोनाचंही दोन. आडव्या रीती दहा. उभ्या रेषेत वर सी-5 आणि खाली जी-5 अडलेलं, म्हणजे मधे डी, ई, एफ अशी तीनच घरं. तिथे पाच आणि चार मावतच नाहीत. तीनाचं प्रत्येक जहाज एका प्रकारे बसतं, दोनाचं दोन प्रकारे. उभ्या रीती चार. सगळ्या मिळून चौदा.

मग प्रत्येक शेजारी घराची मोजणी. ई-6 वरून चौदापैकी 9 रीती जातात. ई-4 वरून 5. डी-5 आणि एफ-5 वरून प्रत्येकी 3. टक्क्यांत सांगायचं तर उजवीकडे 64, डावीकडे 36, वर आणि खाली 21-21. (बेरीज शंभरावर जाते याचं भाचीला नवल वाटलं. जहाज हिटच्या दोन्ही बाजूंना पसरू शकतं, म्हणून एकच रीत दोन घरांत मोजली जाते.) चार मोकळी, एकसारखी दिसणारी घरं, आणि त्यांतलं एक दुसऱ्याच्या तिप्पट वजनाचं. हे तीन टिंबांनी केलेलं आहे. फुकट गेल्या म्हणून सोडून दिलेल्या त्या तीन फैरी आता कामाला आल्या.

ई-6 वर हिट झाला. मी "बुडालं" म्हटलं नाही, त्यामुळे दोनाचं जहाज गणतीतून गेलं. या दोन घरांवरून जाणाऱ्या आठ रीती उरल्या. ई-7 वरून त्यांतल्या सहा, ई-4 वरून चार. तिनं ई-7 घेतलं, हिट. अजूनही "बुडालं" नाही, म्हणजे 5-6-7 असं तीनाचं जहाज नाही. तीनाचं दुसरं कुठलंही जहाज ही तिन्ही घरं व्यापू शकत नाही, म्हणून दोन्ही तीनं गेली. उरल्या फक्त चार रीती: पाचाच्या दोन, चाराच्या दोन. ई-8 ला चारपैकी तीन, ई-4 ला चारपैकी दोन. तिनं ई-8 सांगितलं.

"मिस," मी म्हटलं.

तिचं तोंड उतरलं, आणि मला वाटतं सबंध खेळातली सगळ्यात सुंदर जागा नेमकी हीच. चारपैकी तीन शक्यता असलेली फैर चुकली होती, आणि त्या चुकण्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं. ई-8 वर पाणी असेल तर पाचाच्या दोन्ही रीती बाद, 5 ते 8 हे चाराचं जहाजही बाद. चारांतली एकच रीत उरते, ई-4 ते ई-7. तिनं पेन्सिल वहीवर टेकवली, एकेक रीत खोडत गेली, आणि मान वर न करता म्हणाली, "ई-4. आणि हे चाराचं आहे." जहाज बुडायच्या आधीच तिला त्याची लांबी ठाऊक होती.

आता याच डावाला दुसरा फाटा देऊन बघू. समजा ई-6 वरच मिस झाला असता. माझ्या पाहण्यात बहुतेक खेळाडू अशा वेळी त्याच ओळीत दुसऱ्या टोकाला जातात: उजवीकडे नाही ना, मग डावीकडे असेल. पण ई-6 अडल्यावर आडव्या रेषेत ई-4 आणि ई-5 ही दोनच घरं उरतात. तिथे दोनाचं जहाजच मावतं, एका रीतीनं. उभ्या चार रीती मात्र जशाच्या तशा आहेत. एकूण पाच. डी-5 ला पाचपैकी तीन, एफ-5 लाही तीन, आणि ई-4 ला अवघी एक. क्षणापूर्वी 36 टक्क्यांवर असलेलं घर 20 वर उतरलं आणि 21 वर असलेली दोन घरं 60 वर गेली. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही, प्रत्येक फैरीनंतर ती पुन्हा करावी लागते. यादी तीच असते, फक्त अशक्य झालेल्या रीती खोडायच्या. दोनाचं जहाज आधीच बुडालेलं असतं तर ई-4 कडे बघण्याचंही कारण नव्हतं.

नियम कुठले धरलेत हे डावाआधी विचारून घ्यावं, कारण त्यावर मोजणी अवलंबून असते. काही कुटुंबांत हिट झाल्यावर कुठलं जहाज तेही सांगायचं असतं. त्या डावात मी पहिल्याच हिटला "चाराचं" म्हटलं असतं तर उभ्या रेषेचा प्रश्नच मिटला असता. चाराच्या दोनच रीती उरल्या असत्या आणि दोन्ही ई-6 व ई-7 वरून जातात, तेव्हा ती दोन घरं खात्रीची झाली असती. उलट, बुडालं तरी सांगायचं नाही अशा कडक नियमानं खेळणारेही आहेत. तिथे लहान जहाजं यादीतून खोडता येत नाहीत आणि खेळ बराच लांबतो. जहाजं एकमेकांना चिकटून ठेवायला परवानगी आहे की नाही, हा तिसरा प्रश्न.

चिकटून ठेवता येत असतील तर एक सापळा असतो. ओळीने तीन हिट झाले, दोन्ही टोकांना मिस मिळाला, आणि तरी "बुडालं" ऐकू आलं नाही. मग ते एक आडवं जहाज नव्हेच. उभी जहाजं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत आणि आपण प्रत्येकाचं एकेक घर फोडत गेलो. अशा वेळी प्रत्येक फुलीला स्वतंत्र पहिला हिट मानून तिच्या वर-खाली मोजणी करावी. दुसरी खूण म्हणजे हिट तीन आणि बुडालेलं जहाज दोनाचं. एक फुली उरली, तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. ही उरलेली फुली विसरून पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात फैरी झाडायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. हातातला हिट सोडून नवा शोधायला जाणं याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशात नाही.

रीती मोजण्यात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे: सगळ्या रीती सारख्याच शक्य. काटेकोरपणे पाहिलं तर तसं नाही. कोऱ्या पटावर पाचाचं जहाज 120 प्रकारे ठेवता येतं, दोनाचं 180 प्रकारे. म्हणून पाचाच्या एखाद्या ठरावीक रीतीचं वजन दोनाच्या एखाद्या ठरावीक रीतीच्या दीडपट धरायला हवं. मी भाचीच्या डावात ही वजनं घालून पाहिलं. ई-6 चे टक्के थोडे वाढतात, घरांचा क्रम बदलत नाही. वहीवर खेळताना नुसती मोजणी पुरते.

याहून मोठी अडचण अशी की जहाजं माणूस ठेवतो. कुणी कडेला लपवतो, कुणी कडा टाळतो, कुणाला सगळी उभीच ठेवायची सवय असते. काहीच माहीत नसताना सगळ्या शक्यता समान धराव्यात का, हा प्रश्न संभाव्यतेच्या शास्त्रातला जुना आणि जिवंत वाद आहे. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात त्याचा फार खोल विचार केला, आणि आपल्या कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार, ज्यांनी पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग वाढवला, ते याच जेफ्रीज यांचे विद्यार्थी. बॅटलशिपपुरतं माझं मत साधं आहे. अनोळखी माणसासमोर समान धरावं. रोज समोर बसणाऱ्याच्या सवयी कळल्या की त्याच्या आवडत्या रीतींना जास्त वजन द्यावं, पण एकाही शक्य रीतीला शून्य देऊ नये. भाची जहाजं कधीच चिकटून ठेवत नाही, असं मी धरून चाललो तर एके दिवशी ती ठेवेल, आणि माझ्या यादीत ती रीतच नसेल.

आमच्या खिडकीतून तलावापलीकडे आयआयटीची झाडी दिसते. तिथे ऑपरेशन्स रिसर्च हा विषय शिकवला जातो, आणि त्या विषयाची एक शाखा अक्षरशः जहाजांच्या शोधातून जन्मलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या. 1942 पासून अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या गणितज्ञांच्या गटात बर्नार्ड कूपमन होते. पाणबुडी कुठे असण्याची किती शक्यता आहे आणि विमानांचे मर्यादित तास कुठे खर्च करावेत, याचं गणित त्यांनी मांडलं. शोधाचा सिद्धांत तिथून उभा राहिला.

त्या खऱ्या समुद्रात आणि चौकोनी वहीत एक फरक आहे. वहीत मिस म्हणजे मिस. समोरचा प्रामाणिक असेल तर त्या घरात पाणीच आहे. समुद्रात शोधून सापडलं नाही, याचा अर्थ तिथे नाही असा होत नाही. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 ला 228 माणसांसह अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्सवरच्या ध्वनियंत्रांचे आवाज ऐकायला जहाजं फिरली, काही ऐकू आलं नाही, तेव्हा तो भाग रिकामा धरून शोध दुसरीकडे गेला. पुढे मेट्रन या कंपनीच्या गणितज्ञांनी आधीचे सगळे अपयशी शोध पुन्हा वजन करून पाहिले. ध्वनियंत्रं बिघडलेलीच असतील तर? मग तिथे ऐकू न येण्याला फारसा अर्थ उरत नाही. ही शक्यता धरल्यावर आधी खोडलेला भाग पुन्हा वर आला, आणि नव्यानं सुरू झालेल्या शोधात आठवडाभरातच, एप्रिल 2011 मध्ये, सुमारे 3,900 मीटर खोलीवर अवशेष सापडले. टिंब पक्कं की कच्चं, एवढ्या एका प्रश्नावर दोन वर्षांचा शोध फिरला.

वहीतली टिंबं पक्की असतात, म्हणून तिथे कुणालाही हे गणित करता येतं. त्याला यंत्र नको, सूत्र नको. पहिल्या हिटनंतर आडव्या रेषेत दोन्ही बाजूंना किती घरं मोकळी, उभ्या रेषेत किती, आणि कुठली जहाजं अजून बाकी, एवढं पाहायचं; मग रीती बोटांवर मोजायच्या. सवय झाल्यावर सगळी मोजणीही लागत नाही, जिकडे लांब मोकळी जागा तिकडे आधी, एवढं नजरेलाच कळतं. अडतं ते दोन बाजू जवळपास सारख्या दिसतात तेव्हा, आणि तेव्हाच पेन्सिल उचलावी. तुमच्या घरात चौकोनी वही घेऊन बसलेलं कुणी असेल, तर पुढच्या डावात त्याचा पहिला हिट झाल्यावर घर सांगण्याआधी त्याला मागच्या पानावर त्या रीती लिहून काढायला लावा, आणि त्याचं लिहून होईपर्यंत तुम्ही थांबा.